उधारीचे बिल, त्यावरील कर आणि येणे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

उधारीवर माल विकला की विक्रेत्याच्या वहीत तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. ग्राहकाकडून पैसे येणे होतात, विक्रीचे उत्पन्न मिळते आणि सरकारला कर देणे लागतो. जीएसटीच्या बिलाची रोजकीर्द नोंद म्हणजे या तीन गोष्टींची नोंद. बहुतेक चुका यांतल्या दोन गोष्टी एकात मिसळल्याने होतात.

उरण तालुक्यातील द्रोणागिरी हा न्हावा-शेवा बंदराला लागून असलेला गोदामांचा आणि कंटेनर यार्डांचा परिसर आहे. इथे पॅलेटवर गुंडाळायची स्ट्रेच फिल्म रोज लागते. समजा, इथल्या एका व्यापाऱ्याने 14 मार्चला शेजारच्या गोदामाला 125 रुपये किलोने 800 किलो फिल्म 30 दिवसांच्या उधारीवर विकली. मालाची किंमत 1,00,000 रुपये झाली. फिल्मवर 18 टक्के दराने कर आहे. विक्रेता आणि ग्राहक दोघेही महाराष्ट्रात असल्याने सीजीएसटी 9,000 आणि एसजीएसटी 9,000 लागला. बिल 1,18,000 रुपयांचे झाले. त्या दिवशीची नोंद अशी :

```
ग्राहकाचे खाते          नावे   1,18,000
    विक्री खाते           जमा   1,00,000
    आउटपुट सीजीएसटी खाते  जमा      9,000
    आउटपुट एसजीएसटी खाते  जमा      9,000
(उधारीवर स्ट्रेच फिल्म विकली, 30 दिवसांची मुदत)
```

गैरसमज : बिलाची पूर्ण रक्कम म्हणजे विक्री.

विक्री 1,00,000 रुपयांचीच आहे. वरचे 18,000 रुपये व्यापारी सरकारच्या वतीने गोळा करतो, म्हणून ते ताळेबंदात देण्याच्या बाजूला बसतात. काही छोट्या दुकानांत 1,18,000 रुपये सरळ विक्रीला जमा करून, कर भरला की तो खर्चात टाकण्याची पद्धत दिसते. नफा शेवटी तोच निघतो, असे तिचे समर्थन केले जाते. बिल आणि कराचा भरणा एकाच आर्थिक वर्षात आला तरच ते खरे ठरते. वरचे बिल मार्चचे आहे आणि दरमहा रिटर्न भरणारा त्यावरचा कर 20 एप्रिलपर्यंत भरतो. त्यामुळे 31 मार्चला या पद्धतीने नफा 18,000 रुपयांनी फुगलेला दिसेल आणि सरकारचे देणे ताळेबंदात कुठेच नसेल. शिवाय वहीतली उलाढाल जीएसटीआर-1 मधल्या करपात्र मूल्याशी जुळणार नाही. दोन्हींतला फरक नेमका कराच्या रकमेइतका निघाला, तर चूक इथेच आहे हे ओळखावे.

याउलट ग्राहकाच्या नावे मात्र पूर्ण 1,18,000 रुपयेच पडले पाहिजेत. ग्राहक सरकारला नव्हे, विक्रेत्याला देणे लागतो आणि ते देणे करासहित असते. केवळ 1,00,000 रुपये नावे टाकले तर पैसे आल्यावर ग्राहकाच्या खात्यात 18,000 रुपयांची जमा शिल्लक उरते आणि ती जणू त्याने आगाऊ रक्कम दिली आहे अशी दिसते.

गैरसमज : पैसे हातात आले की मगच कर भरायचा.

मालाच्या विक्रीवरचा कर बिलाच्या तारखेशी बांधलेला आहे, वसुलीशी नाही. बिल मार्चचे, म्हणून ते 11 एप्रिलपर्यंत जीएसटीआर-1 मध्ये जाते आणि कर 20 एप्रिलपर्यंत जीएसटीआर-3बी सोबत भरावा लागतो. ग्राहकाने मेअखेर पैसे दिले तरी तारीख हलत नाही. उशीर झाला तर व्याज लागते.

अर्थात पूर्ण 18,000 रुपये रोख भरावे लागतात असेही नाही. तीच फिल्म व्यापाऱ्याने 80,000 रुपयांना घेतली असेल, तर खरेदीवर दिलेले 14,400 रुपये वजा होतात :

```
आउटपुट सीजीएसटी खाते    नावे   9,000
आउटपुट एसजीएसटी खाते    नावे   9,000
    इनपुट सीजीएसटी खाते    जमा   7,200
    इनपुट एसजीएसटी खाते    जमा   7,200
    बँक खाते               जमा   3,600
```

पुढे ग्राहकाचे पैसे येतात तेव्हा बँक नावे आणि ग्राहक जमा, एवढीच 1,18,000 रुपयांची नोंद होते. विक्री किंवा कराच्या खात्याला त्या दिवशी हातही लागत नाही.

गैरसमज : ग्राहक हाकेच्या अंतरावर आहे, म्हणजे सीजीएसटी आणि एसजीएसटीच.

बंदराच्या परिसरात ही चूक विशेष महाग पडते. जेएनपीए बंदराच्या जमिनीवर विशेष आर्थिक क्षेत्र आहे. द्रोणागिरीतून तिथे टेम्पो लवकर पोचत असला, तरी कायद्याच्या दृष्टीने त्या क्षेत्रातल्या युनिटला केलेली विक्री आंतरराज्य मानली जाते. तिच्यावर सीजीएसटी-एसजीएसटी लागत नाही. युनिटच्या मंजूर कामासाठी माल गेला असेल, तर ती विक्री शून्य दराची ठरते. विक्रेत्याने त्या आर्थिक वर्षासाठी हमीपत्र, म्हणजे एलयूटी, आधी भरलेले असेल तर नोंदीतून कर गळतो :

```
ग्राहकाचे खाते    नावे   1,00,000
    विक्री खाते     जमा   1,00,000
```

एलयूटी नसेल तर 18,000 रुपये आयजीएसटी लावून भरावा लागतो आणि मग परतावा मागावा लागतो. अशा वेळी ग्राहकाकडून कर वसूल केला की नाही, हे नोंदीत स्पष्ट हवे. चुकून सीजीएसटी-एसजीएसटी भरला गेला, तर आयजीएसटी नव्याने भरून आधीच्या कराचा परतावा वेगळा मागावा लागतो. तोवर रक्कम अडकून पडते.

एकाच कंपनीचे युनिट त्या क्षेत्रात आणि कार्यालय बाहेर असू शकते. म्हणून कंपनीच्या नावावर विसंबू नये. ऑर्डरवरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासावा. तिथे करदात्याचा प्रकार एसईझी युनिट दिसला, तरच हा मार्ग लागू होतो.

गैरसमज : उधारी बुडाली की तिच्यावरचा करही परत मिळतो.

माल परत आला आणि पैसे बुडाले, या दोन घटना वहीत अगदी वेगळ्या आहेत. गोदामाने 100 किलो फिल्म परत केली, तर 12,500 रुपये मूल्याची आणि 2,250 रुपये कराची क्रेडिट नोट निघते. विक्री परत 12,500, आउटपुट सीजीएसटी 1,125 आणि आउटपुट एसजीएसटी 1,125 नावे टाकून ग्राहकाच्या खात्याला 14,750 रुपये जमा केले जातात. कर कमी करून घ्यायचा तर ही नोट पुढच्या 30 नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर दाखवावी लागते.

ग्राहक मात्र दिवाळखोर झाला, तर विक्री झालेली असल्यामुळे कर उलटत नाही. नोंद एकच होते :

```
बुडीत कर्ज खाते    नावे   1,18,000
    ग्राहकाचे खाते   जमा   1,18,000
```

काही जण इथे बुडीत कर्ज 1,00,000 धरून उरलेले 18,000 आउटपुट कराच्या खात्यातून वजा करतात. तो कर एप्रिलमध्येच भरून झालेला असतो, त्यामुळे त्या खात्यात उलटी शिल्लक उभी राहते आणि ती रिटर्नशी कधीच जुळत नाही. खरेदीदाराने 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याने घेतलेले इनपुट क्रेडिट त्याला परत करावे लागते, हे खरे. पण ती रक्कम सरकारकडे जाते, विक्रेत्याकडे येत नाही. म्हणजे फिल्मच्या व्यापाऱ्याचे नुकसान मालाच्या किमतीपुरते नसते, पूर्ण बिलाइतके असते. नव्या ग्राहकाला किती उधारी द्यायची हे ठरवताना मर्यादा 1,18,000 रुपयांवर मोजावी, 1,00,000 वर नव्हे.