वॉशिंग मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? आधी अर्थिंग तपासा

माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मशीन बाल्कनीत आहे. ओला हात बॉडीला लागला की झिणझिण्या यायच्या. मला वाटलं, मशीनच बिघडलंय. इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट होते, पण फेज आणि अर्थमध्ये त्याच्या जवळपासही नाही. सॉकेट उघडलं तर वरच्या मोठ्या भोकाला वायरच नव्हती!

मशीनच्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट बॉडीकडे जातच असतो. अर्थिंग असेल तर तो त्या वायरने निघून जातो, नसेल तर आपल्या अंगातून. आतल्या वायरचं इन्सुलेशन खराब झालं, तर मात्र जीवघेणा शॉक बसू शकतो.

मग अर्थची वायर मेन बोर्डापासून ओढून घेतली आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. करंट गळू लागला की ती सप्लाय तोडते. अर्थची वायर नळाला किंवा न्यूट्रलला जोडू देऊ नका. न्यूट्रल तुटला तर अख्खी बॉडीच लाइव्ह होते.

सॉकेट झाकणाचं, उंचावर आणि नळापासून लांब हवं. केबल सॉकेटच्या खालपर्यंत लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी खालीच ठिबकेल. आणि झिणझिण्या आल्याच, तर मशीनला हात न लावता आधी मेन स्विच बंद करा.