चेहरा सात आकड्यांत कसा मावतो? आयगनफेसची गोष्ट

फोन आपला चेहरा बघून उघडतो, दरवाजावरचा कॅमेरा हजेरी लावतो. मुलं विचारतात, "मशीनला चेहरा कळतो तरी कसा?" आजची बहुतेक यंत्रं न्यूरल नेटवर्क वापरतात आणि ते आतून समजायला अवघड आहे. पण त्याआधी एक पद्धत होती, जी दहावीच्या गणिताच्या जोरावरही बरीचशी समजते. तिचं नाव आयगनफेस. 'आयगन' हा जर्मन शब्द, अर्थ 'स्वतःचा'. गणितात आयगनव्हेक्टर म्हणतात, तोच हा शब्द.

१९८७ साली सिरोविच आणि कर्बी या दोन संशोधकांनी चेहऱ्याचे फोटो कमी आकड्यांत साठवण्यासाठी ही कल्पना मांडली. १९९१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत मॅथ्यू टर्क आणि अ‍ॅलेक्स पेंटलँड यांनी तीच कल्पना माणूस ओळखण्यासाठी वापरली. आपण त्यांचाच प्रयोग धरून चालू.

फोटो म्हणजे आकड्यांची रांग

काळापांढरा फोटो म्हणजे बारीक चौकटींची जाळी. प्रत्येक चौकटीत ० ते २५५ मधला एक आकडा असतो. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. टर्क आणि पेंटलँड यांचे फोटो २५६ आडव्या, २५६ उभ्या चौकटींचे होते. म्हणजे एका चेहऱ्याला ६५,५३६ आकडे.

पण हे सगळे आकडे एकमेकांपासून मोकळे नसतात. डावा गाल उजळ असेल तर उजवाही बहुधा उजळच असतो. भुवया कपाळापेक्षा गडदच असतात. सगळी बचत इथूनच होते.

एक छोटा हिशोब करू. समजा फोटोत दोनच चौकटी आहेत, डावा गाल आणि उजवा गाल. चार माणसांचे आकडे असे:

(१४०, १४२), (१३०, १२८), (१०८, ११०), (१०२, १००)

दोन्ही गालांची सरासरी १२० येते. ती वजा केली की उरतात:

(२०, २२), (१०, ८), (−१२, −१०), (−१८, −२०)

आलेख कागदावर हे चार बिंदू मांडून बघा. ते जवळजवळ एका तिरक्या रेषेवर येतात, जिथे दोन्ही गाल सारखेच वाढतात किंवा सारखेच घटतात. म्हणून प्रत्येक माणसासाठी दोन आकडे ठेवायची गरज नाही. २१, ९, −११, −१९ एवढा एकेकच आकडा ठेवला आणि "दोन्ही गालांना तेवढंच मिळवा" असं सांगितलं, की मूळ फोटो परत मिळतो. चूक प्रत्येक गालात फक्त १ ची.

ज्या दिशेने बिंदू सर्वांत जास्त पसरलेत, तीच पहिली आयगनव्हेक्टर. तिला काटकोनात असलेली दुसरी दिशाही आहे, पण तिच्यात पसारा इतका थोडा की सोडून दिली तरी चालतं.

खऱ्या फोटोत दिशा दोन नसून ६५,५३६ असतात, पण विचार हाच. तिथे प्रत्येक आयगनव्हेक्टरमध्येही ६५,५३६ आकडे असतात, म्हणून ती परत चौकटींत मांडली की पडद्यावर भुतासारखा धूसर चेहरा दिसतो. हाच आयगनफेस. तो कोणा एका माणसाचा नसतो. चेहऱ्यांमध्ये फरक कुठे कुठे पडतो, याचा तो नकाशा असतो.

मोठा हिशोब छोटा कसा झाला

या दिशा काढायला प्रत्येक चौकटीचा प्रत्येक चौकटीशी संबंध मांडणारा तक्ता लागतो. ६५,५३६ गुणिले ६५,५३६ म्हणजे सुमारे ४२९ कोटी आकडे! त्या काळच्या कॉम्प्युटरला हे झेपणं शक्य नव्हतं.

पण त्यांच्याकडे शिकवण्यासाठी फोटो होते फक्त १६, एका माणसाचा एक. १६ बिंदूंतून सरासरी वजा केल्यावर पसाऱ्याच्या दिशा जास्तीत जास्त १५ च निघू शकतात. मग चौकटींऐवजी फोटोंचा फोटोंशी संबंध मांडायचा. तक्ता १६ गुणिले १६, म्हणजे अवघे २५६ आकडे. त्याचं उत्तर मूळ फोटोंनी गुणलं की तेच आयगनफेस मिळतात.

त्यातले ७ आयगनफेस त्यांनी ठेवले. आता प्रत्येक माणूस म्हणजे सात आकडे: सरासरी चेहऱ्यात पहिला आयगनफेस किती मिसळायचा, दुसरा किती, असे. ओळखायला सात पुरले. फोटो पुन्हा चांगला उभा करायचा तर जास्त लागतात. सिरोविच आणि कर्बी यांना ११५ गोऱ्या पुरुषांच्या फोटोंसाठी सुमारे ४० लागले होते.

ओळख कशी पटते

सोयीसाठी सातऐवजी तीनच आकडे घेऊ. यादीत पहिला माणूस (१२, −५, ३) आणि दुसरा (−४, ९, ६). नवीन फोटो आला (१०, −४, १). पहिल्यापासून फरक २, १ आणि २. त्यांचे वर्ग मिळवले की ९, वर्गमूळ ३. दुसऱ्यापासून फरक १४, १३ आणि ५. वर्गांची बेरीज ३९०, वर्गमूळ जवळपास २०. म्हणजे हा पहिलाच माणूस. पायथागोरसचा नियम, दुसरं काही नाही.

पण यादीत नसलेला माणूस आला तर? अंतराला एक मर्यादा ठरवतात. सगळ्यांपासून अंतर जास्त असेल तर "अनोळखी" म्हणायचं. आणि कोणी सुरईचा फोटो दिला तर? सात आकड्यांवरून तो पुन्हा उभा केला की सुरई दिसतच नाही, चेहऱ्यासारखं काहीतरी दिसतं. मूळ आणि उभा केलेला यांत मोठी तफावत पडली की समजावं, हा चेहराच नव्हे.

कुठे फसतं

टर्क आणि पेंटलँड यांनी १६ माणसांच्या अडीच हजारांवर फोटोंवर चाचणी केली. मर्यादा न लावता, फक्त प्रकाश बदलला तेव्हा सरासरी ९६ टक्के ओळख बरोबर आली. मान कललेली असताना ८५ टक्के. चेहरा फोटोत लहानमोठा झाला तेव्हा मात्र ६४ टक्केच.

कारण उघड आहे. ही पद्धत डोळा, नाक ओळखत नाही; चौकटीशी चौकट ताडून बघते. चेहरा थोडा लहान झाला की जिथे डोळा होता तिथे गाल येतो. म्हणून आधी सगळ्या फोटोंतले डोळे एका जागी आणावे लागतात. ते झालंय का हे तपासायची सोपी खूण म्हणजे सरासरी चेहरा बघणं. त्यात डोळे दुहेरी किंवा पसरट दिसले तर फोटो नीट जुळलेले नाहीत.

प्रकाशाचाही सापळा आहे. उजेड कधी डावीकडून, कधी उजवीकडून असेल तर सर्वांत मोठा पसारा उजेडाचाच निघतो, आणि पहिले एकदोन आयगनफेस माणसाबद्दल नव्हे तर दिव्याबद्दल सांगू लागतात. मग एकाच खिडकीजवळ बसलेली दोन माणसं एकसारखी वाटतात. पुढे काही संशोधकांनी पहिले तीन आयगनफेस सोडूनच पाहिले. त्याने थोडा फायदा होतो, पण ओळखीची काही माहितीही त्यांच्यासोबत जाते.

शेवटची गोष्ट आपल्या घरांना जवळची. आयगनफेस फक्त शिकवलेल्या फोटोंतून तयार होतात. त्यांत दाढीवाला एकही चेहरा नसेल, किंवा केस झाकलेली एकही बाई नसेल, तर त्या सात दिशांमध्ये दाढी किंवा ओढणी दाखवायला जागाच नसते. चेहरा पुन्हा उभा केला की हनुवटी पुसट येते, कपाळावर नसलेले केस उगवतात, आणि यंत्र म्हणतं "अनोळखी" किंवा भलत्याचंच नाव घेतं. यात चूक चेहऱ्याची नसते. यादी करणाऱ्याने कोणाचे फोटो घेतले आणि कोणाचे घेतले नाहीत, एवढंच त्यातून कळतं. पद्धती बदलल्या तरी हा प्रश्न विचारायचा राहतोच: यंत्राला शिकवताना आमच्यासारखे चेहरे दाखवले होते का?