गाळा तोच, भाडं नवं!

शहाड स्टेशनपासून पाच मिनिटांवर माझ्या मैत्रिणीचं ब्युटी पार्लर आहे. तीन वर्षांचं लीव्ह अँड लायसन्स अॅग्रीमेंट संपायला तीन महिने उरले होते. गाळेमालक काका सहज म्हणाले, ‘‘आता अठराचे पंचवीस हजार करू.’’ मॅडमची झोपच उडाली. आरसे, बेसिन, प्लंबिंग यांवर केलेला खर्च काही उचलून नेता येत नाही ना!

तिने घासाघीस केली नाही. आधी शेजारच्या तीन गाळेवाल्यांना विचारलं, नुकतंच अॅग्रीमेंट केलंत ते कितीला? ब्रोकर सांगतो तो आकडा मागणीचा असतो, सही होते ती वेगळ्या आकड्यावर. उत्तर आलं, साधारण बावीस हजार.

मग ती काकांच्या बाजूने हिशेब करायला बसली. नवा भाडेकरू बावीस हजारांना आला, तरी तो मिळेपर्यंत गाळा दोन महिने रिकामा राहणार. म्हणजे पहिल्या वर्षी दहाच महिन्यांचं भाडं, २,२०,००० रुपये. त्यातून एका महिन्याची दलाली आणि रंगकामाचे दहा हजार गेले की उरले १,८८,०००.

तिचा प्रस्ताव होता पहिल्या वर्षी वीस हजार, दुसऱ्या वर्षी साडेएकवीस, तिसऱ्या वर्षी तेवीस. पहिल्या वर्षीच काकांच्या हातात २,४०,०००, म्हणजे ५२,००० जास्त. नवा भाडेकरू दरवर्षी पाच टक्के वाढ देणार असं धरलं, तर पुढच्या दोन वर्षांत त्याच्याकडून सुमारे ३४,००० जास्त मिळाले असते. तरीही तीन वर्षांच्या बेरजेत काका पुढेच!

मात्र शेजारी खरोखरच पंचवीस हजार देत असते, तर हे गणित काकांना तोट्याचं ठरलं असतं. मग आकडा वाढवणं किंवा दुसरा गाळा शोधणं, एवढंच हातात. म्हणून बाजारभाव आधी, पत्र नंतर.

पत्र एकाच पानाचं होतं: ‘काका, तीन वर्षांत भाडं एकदाही उशिरा दिलेलं नाही. पुढच्या तीन वर्षांचे आकडे खाली देत आहे. पहिलं वर्षभर मी गाळा सोडणार नाही आणि तुम्हीही सोडायला सांगू नये. पुढे दोन्ही बाजूंनी तीन महिन्यांची नोटीस असावी. डिपॉझिट आहे तेवढंच राहू द्या.’

काकांनी पहिलं वर्ष साडेवीस हजारांवर नेलं, बाकी मान्य केलं. वरचे पाचशे म्हणजे काकांचा मान, असं ती हसत म्हणते.

शेवटचं काम विसरू नका. जुनं अॅग्रीमेंट आपोआप वाढत नाही, नवं करून रजिस्टर करावं लागतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ही जबाबदारी मालकाची आहे. पण ‘‘काका, रजिस्ट्रेशन कधी करायचं?’’ हा फोन तुम्हीच करा. तोंडी ‘हो’वर नवे आरसे लावू नका!