फक्त बघणाऱ्याचं लायसन्स

डॅशबोर्डच्या सॉफ्टवेअरसाठी पैसे मागणारी टिपणी साहेबांच्या टेबलावर गेली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: फुकट मिळतं की, मग पैसे कशाला? प्रश्न रास्त आहे. मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट उतरवून घेता येतं आणि आलेख बनवण्याचं जवळजवळ सगळं काम त्यात होतं. मीटर सुरू होतो तो आलेख दुसऱ्याला दाखवायची वेळ आली की.

एक उदाहरण घेऊ. भोसरीतल्या एका छोट्या कारखान्याचा डिस्पॅच विभाग: माणसं सहा. त्यातला एक जण रोज सकाळी ईआरपीतून आकडे काढून एक्सेलमध्ये जुळवतो आणि कुठल्या ऑर्डर तुंबल्यात ते सांगतो. दीड तास मोडतो. महिन्याचे 25 दिवस आणि तासाला 150 रुपये पगार धरला, तर वर्षाला 67,500 रुपये होतात.

पॉवर बीआयचं प्रो लायसन्स दरमहा दर माणशी 14 डॉलरला आहे. एप्रिल 2025 पूर्वी ते 10 डॉलर होतं, त्यामुळे जुन्या टिपणीतला आकडा तसाच उचलला तर अकाउंट्सवाले लगेच पकडतात. शिवाय हे लायसन्स बनवणाऱ्याला लागतं तसंच नुसतं बघणाऱ्यालाही लागतं. मोठी क्षमता विकत घेणाऱ्या कंपन्यांना त्यातून सूट असते, पण ते छोट्या टीमचं काम नव्हे. डॉलर 90 रुपये धरला, तर सहा जणांचे वर्षाला 90,720 रुपये झाले, जीएसटी वेगळा. म्हणजे वाचणाऱ्या वेळेपेक्षा खर्च जास्त. "वेळ वाचेल" एवढ्याच आधारावर सहा लायसन्स मागणारी टिपणी इथेच पडते, आणि पडायलाच हवी.

मग पळवाटा सुचतात. एकच लॉगिन घेऊन सगळ्यांनी वापरायचं, हा आपल्याकडचा लाडका जुगाड. पण लायसन्स माणसाच्या नावावर असतं, त्यामुळे तो सरळसरळ अटींचा भंग आहे. `.pbix` फाइल मेलने फिरवली तर तिच्यासोबत बहुतेक वेळा आतला सगळा डेटाही जातो. सर्वांत धोकादायक वाट म्हणजे `Publish to web` हे बटण. त्यातून मिळालेली लिंक कुणीही, पासवर्डशिवाय, उघडू शकतो. टॅब्लो पब्लिक फुकट आहे, पण त्यावरचं कामही जगजाहीर असतं. जनगणनेच्या आकड्यांना ते चालेल. ग्राहकाचं नाव आणि दर असलेल्या यादीला नाही.

खरा फुकट पर्याय गूगलचा लुकर स्टुडिओ. गूगल शीटमधले आकडे घेऊन आलेख बनवायचा आणि ठरावीक माणसांनाच दाखवायचा, हे त्यात पैशाविना जमतं. अडचण अशी, की कारखान्यातल्या सर्व्हरवरचे आकडे शीटमध्ये रोज कुणीतरी चिकटवायचे. त्याला अर्धा तास धरा: वर्षाला 22,500 रुपयांची मेहनत. मेटाबेससारखं मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, पण बॅकअप आणि अपडेट बघणारा माणूस घरात नसेल तर त्या वाटेला न गेलेलं बरं.

तुलना खरी करायची ती या 22,500 शी. कित्येक टिपण्या इथेच चुकतात. त्या पैशाच्या पर्यायाची बरोबरी "आज चाललंय तसं" याच्याशी करतात आणि बाजी मारल्यासारखं दाखवतात. या विभागातल्या सहापैकी चौघांना सकाळी एकच पान बघायचं असतं. ते पीडीएफ छापून बोर्डावर लावलं की भागतं. स्वतः आकडे उलटेपालटे करून बघणारे दोघंच: बनवणारा आणि विभागप्रमुख. दोन लायसन्सचे वर्षाला 30,240 रुपये. फुकट पर्यायापेक्षा 7,740 रुपये जास्त, आणि त्या बदल्यात हाताने चिकटवणं बंद. एक रकाना सरकला आणि भलत्याच ऑर्डरची गाडी भरली, असला घोळ त्यातून टळतो. हा फरक टिपणीत उघड लिहावा.

सोबत उणी बाजूही लिहावी. कारखान्यातल्या सर्व्हरवरचे आकडे क्लाउडवर न्यायला गेटवे नावाचा फुकट प्रोग्रॅम एका मशीनवर सतत चालू लागतो. भोसरीत गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि मशीन पुन्हा कुणी चालू केलं नाही, तर शुक्रवारी सकाळी डॅशबोर्डवर बुधवारचेच आकडे दिसतात, आणि दिसतात मात्र ताज्यासारखे! उपाय साधा आहे: पानाच्या कोपऱ्यात शेवटच्या अद्ययावतीची वेळ छापायची आणि मशीनला यूपीएस द्यायचा. यूपीएसचा खर्चही याच टिपणीत धरायचा.

मंजुरी मागताना वर्षाची घाई नको. पॉवर बीआयची 60 दिवसांची चाचणी मिळते, आणि रिपोर्ट कुणी किती वेळा उघडला याची नोंद त्यातच दिसते. विभागप्रमुखांनी त्या काळात तो क्वचितच उघडला असेल, तर दुसरं लायसन्सही यादीतून काढायचं आणि त्यांनाही बोर्डावरचंच पान द्यायचं.