वहीतला एक महिना

सिनेमाला किती खर्च आला, असे विचारले तर बहुतेक मुले तिकिटाचा आकडा सांगतात. पुण्यातल्या अकरावीतल्या एका मुलीचे उदाहरण घेऊ. महिन्याचा पॉकेटमनी १,५०० रुपये, आणि भटकंतीला ६०० पुरतील हा तिचा अंदाज. वहीत मात्र सिनेमाच्या एका दुपारची नोंद अशी पडली: तिकीट १८०, ऑनलाइन बुकिंगचे शुल्क ३०, रिक्षाचा जाऊन-येऊन वाटा ७०, पॉपकॉर्नचा वाटा १२०, परतताना पाणीपुरी ४०. एकूण ४४०, म्हणजे तिकिटाच्या दुपटीहून जास्त. उरलेल्या तीन भेटींचे २१०, १६० आणि २९० धरून महिन्याचा आकडा १,१०० झाला. २९० मधले १५० मैत्रिणीच्या वाढदिवसाची वर्गणी होती. असा खर्च आधी कुणाच्याच हिशेबात नसतो.

घोळ होतो तो वाटणीत. सगळ्यांचे बिल एकीने यूपीआयने भरले, तर खर्चात फक्त स्वतःचा वाटा लिहायचा आणि बाकीची रक्कम ‘येणे’ म्हणून वेगळी मांडायची.

वही खरी आहे का, हे शिल्लक सांगते. वह्या-पेनांचे १३० धरून खर्च १,२३०, म्हणजे हातात २७० हवे होते. पाकीट आणि खाते मिळून निघाले २१५. त्या ५५ रुपयांपैकी ४० मैत्रिणीला रिक्षासाठी दिलेले, न लिहिलेले उसने होते आणि १५ कटिंग चहाचे.