रँडलला झोपायचे आहे

रँडल नावाचा एक तरुण सरदार रानातून घरी येतो. आई विचारते, कुठे होतास? तो रानाचे नाव घेतो आणि लगेच तिला अंथरूण घालायला सांगतो. शिकारीने तो दमला आहे, त्याला आडवे व्हायचे आहे. शिकारीहून आलेल्या मुलाने एवढे म्हणावे, यात कुणालाच वावगे वाटणार नाही. पण ही मागणी या गाण्याचे पालुपद आहे. ती प्रत्येक कडव्याच्या शेवटी येते आणि दर वेळी अधिक भयंकर वाटू लागते.

‘लॉर्ड रँडल’ हे स्कॉटलंड-इंग्लंडच्या लोकपरंपरेतले कथागीत. वॉल्टर स्कॉटने १८०३ मध्ये त्याचा एक पाठ छापला. पुढे फ्रान्सिस चाइल्ड या हार्वर्डच्या प्राध्यापकाने ३०५ कथागीतांचा मोठा संग्रह केला, त्यात ते बाराव्या क्रमांकावर आहे. या गाण्यात निवेदक नाही. आई विचारते, मुलगा उत्तर देतो, एवढाच सगळा कारभार.

स्कॉटच्या पाठात पाचच कडवी आहेत. दुसऱ्या कडव्यात आई जेवणाचे विचारते. प्रेयसीकडे जेवलो, असे उत्तर येते आणि मागोमाग अंथरुणाची तीच मागणी. पोट भरलेल्या माणसाला झोप यायचीच. तिसऱ्या कडव्यात कळते की ताटात रश्शात शिजवलेली वाम मासळी होती. इथे जुन्या श्रोत्याच्या मनात पाल चुकचुकते, कारण सापासारख्या दिसणाऱ्या या माशाच्या नावाखाली भलतेच काही वाढले असेल, हा संशय त्याला नवा नाही. मग आई कुत्र्यांची चौकशी करते. ते फुगले आणि मेले.

या चौथ्या कडव्यानंतर पालुपद येते तेव्हा त्यातला एकही शब्द बदललेला नसतो. मुलगा अजूनही शिकारीचाच थकवा सांगतो आहे. पण ऐकणाऱ्याचा त्या कारणावरचा विश्वास उडालेला असतो. पहिल्या कडव्यात जी माहिती होती, ती आता सबब झाली. बरे, हा मुलगा आईपासून लपवतो आहे, की त्याला स्वतःलाच अजून कबूल करवत नाही? गाणे ते सांगत नाही. निवेदकच नसल्याने सांगायला कुणी नाही.

पाचव्या कडव्यात आई विषाचा संशय बोलून दाखवते आणि तो हो म्हणतो. इथे, अगदी शेवटी, पालुपदाचा एक तुकडा बदलतो: शिकारीचा थकवा जातो आणि जिवाच्या दुखण्याचा उल्लेख येतो. अंथरूण घालायची मागणी मात्र तशीच राहते. चार वेळा जशीच्या तशी ओळ ऐकून कान तिला सरावलेला असतो, म्हणून एवढासा फरक घणासारखा बसतो. थोड्या बदलाने पुढे सरकणाऱ्या अशा पुनरुक्तीकडे अमेरिकन अभ्यासक फ्रान्सिस गमेअर यांनी १९०७ च्या सुमारास लक्ष वेधले आणि कथागीताची ती खास खूण मानली.

चाइल्डच्या संग्रहातल्या एका लांब पाठात पुढे वाटणी येते. आईला गुरे, बहिणीला सोनेचांदी, भावाला घर आणि जमीन, प्रेयसीला नरकाची आग. प्रत्येक वाटणीनंतर पुन्हा तेच अंथरूण. आता त्यावरून तो उठणार नाही हे आईलाही ठाऊक आहे, आणि तरी मागणी अगदी घरगुतीच राहते.

हे साधते त्याचे कारण पालुपदाच्या साधेपणात आहे. त्यात निष्कर्ष नाही, दुःखाचा उच्चार नाही. आहे ती रोजची एक गरज. दमलेला, आजारी आणि मरणारा, तिघेही आडवेच होऊ पाहतात. त्यामुळे आधीच्या दोन ओळी जे सांगतील, ते पालुपदाला पुरते लागू पडते. त्याच जागी दगाबाज प्रेयसीला शिव्याशाप असते, तर दुसऱ्या फेरीत त्यांत भर पडायला काही उरलेच नसते.

सगळ्याच पालुपदांकडून ही अपेक्षा करू नये. आपल्या पोवाड्यात झीलकरी ‘जी जी’ म्हणून शाहिराला उचलून धरतात. तिथे काम ठेक्याचे, जोशाचे आणि शाहिराला दम घेऊ देण्याचे असते. ‘रँडल’चेही असे काही पाठ, विशेषतः अमेरिकेत, गायले गेले आहेत की ज्यांत मुलगा पहिल्याच कडव्यापासून जिवाच्या दुखण्याची तक्रार करतो. तिथे शेवटचा धक्का हातचा जातो. श्रोत्याला दुखणे आधीच कळलेले असते. उरतो तो फक्त कुणी केले आणि कशाने, हा शोध. गायकही असाच घात करू शकतो. पहिल्याच पालुपदाला त्याने आवाज कापरा केला की कुत्रे मरायच्या आधीच श्रोत्याला सगळे समजते.