कोणाचंच नसलेलं खातं

गैरसमज : वापरात नसलेलं खातं निरुपद्रवी असतं.

ऑक्टोबर 2023 मध्ये ‘ओक्टा’ या ओळख-पडताळणी कंपनीत घुसखोरी झाली. तिची ग्राहक असलेल्या क्लाउडफ्लेअरची काही गुपितंही चोरांच्या हाती गेली. क्लाउडफ्लेअरने ती बदलायला घेतली, पण एक सर्व्हिस टोकन आणि तीन सर्व्हिस अकाउंट तशीच राहिली. कारण कंपनीनेच नंतर जाहीर केलं : ती वापरात नाहीत, असा समज होता. नोव्हेंबरमध्ये चोर त्याच किल्ल्या घेऊन आत आले आणि कंपनीच्या अंतर्गत विकीपर्यंत, सोर्स कोडपर्यंत पोचले. एका खात्याकडे तर जिराचे प्रशासकीय अधिकार होते. खातं कोणी वापरत नसेल, तर त्याच्या नावाने कोणी आत आल्याचं लक्षात येणार तरी कोणाच्या?

गैरसमज : नावात `svc` असलेली खाती शोधली की यादी पूर्ण.

नावं माणसं देतात, आणि घाईत देतात. विंडोजच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत सुरुवात SPN वरून करावी. अमुक सेवा या खात्यावर चालते, अशी ती नोंद असते.

```powershell
Get-ADUser -Filter 'ServicePrincipalName -like "*"' `
  -Properties LastLogonDate, PasswordLastSet, Manager
```

या यादीत `krbtgt` दिसेल. ते मुळातच बंद असतं. त्याला हात लावू नका. पण SPN नसलेलीही सर्व्हिस अकाउंट असतात. ती सर्व्हरवरच सापडतात : सर्व्हिसच्या ‘लॉग ऑन अ‍ॅज’ रकान्यात, शेड्यूल्ड टास्कमध्ये, आयआयएसच्या अ‍ॅप्लिकेशन पूलमध्ये.

गैरसमज : शेवटच्या लॉगिनची तारीख जुनी, म्हणजे खातं बंद करायला हरकत नाही.

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. मी पाहिलेल्या एका कारखान्यात ऑगस्टमध्ये यादी काढली, तर रिपोर्ट सर्व्हरच्या खात्यापुढे 11 फेब्रुवारी ही तारीख. सहा महिने लॉगिन नाही म्हणून ते ‘बंद करा’च्या रांगेत गेलं. प्रत्यक्षात रोज सकाळी सुपरवायझर त्याच सर्व्हरवरून उत्पादनाचे आकडे उघडत होते.

झालं होतं असं : सर्व्हर शेवटचा रीस्टार्ट झाला तो 11 फेब्रुवारीला. सर्व्हिस सुरू होताना तिने एकदा लॉगिन केलं. डेटाबेस त्याच मशीनवर, त्यामुळे तिला बाहेर कुठे जाण्याची गरजच नव्हती. लोक तिच्याकडे कर्बेरॉस तिकीट घेऊन येत, ती ते आपल्याजवळच्या किल्लीने उघडून बघे. दुकानदार दुकानातून हलला नाही, म्हणून दुकान बंद ठरत नाही.

याचा माग डोमेन कंट्रोलरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये लागतो. इव्हेंट 4769 म्हणजे ‘या सेवेचं तिकीट मागितलं’. त्यात ‘सर्व्हिस नेम’पुढे या खात्याचं नाव रोज दिसत होतं. अर्थात त्याचं ऑडिट चालू हवं. आणि लोक नावाऐवजी आयपी पत्त्याने सर्व्हर उघडत असतील, तर सहसा तिकीटच मागितलं जात नाही; मग लॉग शांत, सेवा मात्र चालू.

तारखेतही खोट आहे. `LastLogonDate` ज्या नोंदीवरून येते, ती प्रत्येक लॉगिनला बदलत नाही. मूळ सेटिंगमध्ये ती 14 दिवसांपर्यंत मागे असू शकते. उलट, एखाद्या अ‍ॅडमिनने त्या खात्याचे परिणामी अधिकार नुसते तपासले, तरी ती ताजी होऊ शकते.

गैरसमज : मालक म्हणून ‘आयटी विभाग’ लिहिलं की झालं.

विभाग फोन उचलत नाही. एका माणसाचं नाव हवं, शिवाय त्याच्या बदली माणसाचं. `Manager` रकाना सोयीचा, पण त्या माणसाचं स्वतःचं खातं काढून टाकलं की तो आपोआप रिकामा होतो, पूर्वी कोण होतं याचा मागमूसही राहत नाही. म्हणून नाव आणि नोंदीची तारीख वेगळ्या यादीतही ठेवा. कोणी नोकरी सोडताना लॅपटॉपबरोबर त्याच्या नावावरची सर्व्हिस अकाउंटही दुसऱ्याच्या नावे करून घ्या.

गैरसमज : बंद केल्यावर दोन दिवस ओरड झाली नाही, आता काढून टाका.

खातं बंद केल्याने चालू असलेली सर्व्हिस लगेच थांबतेच असं नाही. ती पडते पुढच्या रीस्टार्टला, 1069 ही चूक दाखवून. बहुधा पॅच लावल्यानंतरच्या मध्यरात्री. शिवाय काही कामं 31 मार्चलाच जागी होतात. म्हणून बंद ठेवण्याच्या मुदतीत एक तरी रीस्टार्ट आणि आर्थिक वर्षाची एक अखेर यायला हवी. तोवर सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये 4625 इव्हेंट आणि त्यातला `0xC0000072` हा कोड शोधत राहा. बंद खात्याने कोणीतरी दार ठोठावतंय, असा त्याचा अर्थ. ठोठावणारं मशीन कोणतं, हेही बहुधा तिथेच लिहिलेलं असतं.

बंद केलेलं खातं एका क्लिकमध्ये पुन्हा चालू होतं. काढून टाकून त्याच नावाने नवं केलं, तर त्याचा SID वेगळा असतो आणि जुने अधिकार त्याला मिळत नाहीत.